पांढरा पंचा

होसूर रस्त्यावरच्या सरकारी फार्मावर सत्यवती चारा कापायची, पण वळूच्या आवाराकडे फिरकायची तिला सोय नव्हती. गेल्या साली तिथंच तिचा नवरा रघुपती वळूच्या शिंगांवर गेला. वळू त्याच्याच हाताखालचा. त्या दिवशी ती भाकरी घेऊन कुंपणाशी उभी होती, नेसूचं लाल लुगडं. लोकांना तेवढं पुरलं. लाल बघून उधळला, म्हणाले. सासू अनुसूयानं तेव्हापासून तिच्याशी बोलणंच टाकलं. चूल एक, जेवण पाठमोरं.

यंदा पुण्याहून विद्याधर नावाचे नवे डॉक्टर आले. फार्मावर लाल कापड आणायचं नाही, हा नियम वाचून ते हसले. एका सकाळी त्यांनी सगळ्यांना कुंपणाबाहेर उभं केलं आणि लांब बांबूला लाल फडकं बांधून ते आवारात धरलं, अगदी स्थिर. वळूनं एकदा पाहिलं आणि पुन्हा वैरणीत तोंड घातलं.

"पण पोट भरलंय त्याचं," राखणदार नागनाथ म्हणाला.

"भरू दे की." डॉक्टरांनी आता पांढरं फडकं बांधलं आणि झुलवलं. वळूनं मान खाली घेतली, खुरानं माती उकरली आणि असा आला की कुंपणाचे खांब करकरले. मग लाल झुलवलं, तेव्हाही तसाच आला. "लाल त्याला आपल्यासारखं दिसतच नाही. त्याला चिडवतं ते हलणं."

बायका वळून सत्यवतीकडे बघू लागल्या. त्यांतल्या चंपानं तिच्या पाठीवर हात ठेवला. वर्षभरात तिला कुणी शिवलं नव्हतं.

तिला मात्र तो दिवस दिसत होता. वारा नव्हता. ती खांबासारखी उभी होती. आणि आत, वळूच्या तोंडापुढं, रघुपती खांद्यावरचा पांढरा पंचा झटकत होता. माशा फार होत्या. झटक, झटक.

सांजेला ती घरी आली. बातमी आधीच पोचली होती. सासू उंबऱ्यात बसली होती.

"लुगड्यानं नाही म्हणे," अनुसूया म्हणाली. भिंतीकडे बघत, पण तिलाच. "मग हललं काय गं त्या दिवशी?"

आत अंथरुणावर उशाशी तो पंचा होता. धुऊन घडी घातलेला. म्हातारी रोज त्याच्यावर डोकं टेकून निजायची. लेक स्वतःच्याच हातानं गेला, हे तिला कसं सांगावं?

सत्यवतीनं हातातला विळा खाली ठेवला.

"वारा होता, मामी. माझा पदर उडाला."

"तेच म्हणते मी," अनुसूया म्हणाली आणि उठून आत गेली.

सत्यवतीनं चूल पेटवली. दोन भाकऱ्या थापल्या. एक सासूच्या ताटात ठेवली, आणि दुसरी घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली.