देवाऱ्याखालचा अर्ज

“सुनेत्राच्या दहावीच्या अर्जाला डॉक्टरांचा दाखला जोडलाय. लेखनिक म्हणून नववीतल्या मुलीचं नाव घातलंय, अर्धा तास जादा मागितलाय. पालकाची सही करून तीस तारखेच्या आत मला आणून द्या, मग शिफारस लिहून मी तो वाशीला बोर्डाकडे धाडतो,” असं हेडमास्तर म्हणाले होते.

मी अर्ज अंबरनाथच्या घरी आणला आणि देवाऱ्याच्या पाटाखाली सरकवला. मुलीला दिसत नाही हे कागदावर चढलं, तर उद्या तिला स्थळ कोण सांगणार? शिवाय माझे सोळा सोमवार चालू होते. तेवढ्यात नजर सुधारेल, असं वाटलं. सुनेत्राला मात्र सांगितलं, “दिला हो.”

आज तीस तारीख, सोमवारच. मी पूजेला बसले होते. सुनेत्रा सहामाहीचा पेपर नाकाशी धरून आली. ओळीवर ओळ चढलेली, निम्मे प्रश्न कोरे.

“आई, बोर्डाचं उत्तर नाहीच का गं? त्यांनाही माझ्यासारखंच अंधुक दिसतं वाटतं!” ती हसली.

मला देवाकडे बघवेना. पाटाखालून अर्ज काढला. त्यावर कुंकू सांडलं होतं.

“सुनेत्रा, मी खोटं बोलले. तो इथेच आहे.”

तिने अर्ज नाकाशी धरून पाहिला. मग म्हणाली, “आज देशील?”

“देते.”

कहाणी अर्धी टाकून उठू नये म्हणतात. मी पोथी मिटली, सही केली, पदराने कुंकू टिपलं आणि शाळेच्या वाटेला लागले.