वाऱ्याला जुळलेले बारा

नागपंचमीच्या आधी पंधरा दिवस निमगावच्या बाया बायनाबाईच्या अंगणात जमायच्या, कारण फेराचं नवं गाणं तिच्याकडूनच घ्यायचं असा गावाचा शिरस्ता होता. लिहिणं-वाचणं तिला येत नव्हतं, पण टाळी आणि पाऊल यांच्या हिशेबात ओळ बसवावी तर तिनंच. एका ओळीला चार टाळ्या आणि एका टाळीत दोन अक्षरं. अक्षर कमी पडलं तर 'गं' घालायचा, जास्त झालं तर शब्दच बदलायचा. दोन ओळींचे शेवट जुळले की एक जोडी झाली. एका जोडीत एकच गोष्ट सांगायची, म्हणजे फिरता फिरता कुणी दम घ्यायला थांबली तरी कथा सुटत नाही.

त्या वर्षी तिनं स्वतःच्या भावाचं गाणं बांधलं. सटवाजी निमगावच्या उतारावरचा नावाडी होता. पोलीस ॲक्शननंतरच्या पाचव्या पावसाळ्यात गोदावरीला, म्हणजे इकडच्या बोलीत गंगेला, मोठा पूर आला. पैलतीरी अडकलेल्या सात जणांना नावेत घेऊन तो निघाला. "सातच. नाव लहान हाय, बाकीचे थांबा," असं त्यानं ओरडून सांगितलेलं दोन्ही काठांनी ऐकलं होतं. मधल्या धारेत उपटून आलेलं एक झाड नावेवर आदळलं. नाव फुटली. काठाजवळ पाण्यात उभ्या असलेल्या बाभळीपर्यंत त्यानं एकेक करून चार माणसं पोचवली. पाचव्यासाठी परत गेला तो गेलाच. तिघं बुडाले, आणि चौथा तो.

बायनाबाईनं आधी शेवट बांधला, कारण तोच तिच्या डोळ्यांसमोरून हटत नव्हता.

*पुन्हा पाण्यामंदी जात,*
*दिसे एकला गं हात.*

मग सुरुवात. पहिल्याच जोडीत माणूस आणि गाव सांगून टाकायचं, नाहीतर परगावच्या पोरींना कळत नाही कथा कुणाची.

*निमगावीचा नावाडी,*
*सटवाजी हाकी होडी.*

मधल्या जोड्या तिनं सटवाजीच्या बायकोला, धुरपताबाईला, म्हणून दाखवल्या. एका ओळीवर धुरपताबाई थांबली.

"'चढले गं झाडावर' म्हंजी कोण चढलं, वन्सं? आन् कोणतं झाड? नाव फोडली ते, का बाभूळ?"

"खरं हाय," बायनाबाई म्हणाली. अक्षरं बरोबर आठ होती, पण कर्ता गळाला होता. तिनं वाहत आलेल्याला तेवढं 'झाड' ठेवलं, उभ्याला दरवेळी 'बाभूळ' म्हटलं.

*आलं वाहत गं झाड,*
*नाव फिरली गं आड.*
*चौघं बाभळीशी नेले,*
*बाकी वाहत गं गेले.*

आता नाव भरण्याची जोडी तेवढी राहिली. सात म्हटलं की जुळायला हात, जात, रात. पूर तर भर दुपारचा. 'हात' आणि 'जात' शेवटाला लागले होते, ते इथंच खर्चून टाकले तर शेवटच्या ओळीवर बायांच्या अंगावर काटा कसा यायचा? तीन दिवस ती शेण थापताना, निंदताना ओठांतल्या ओठांत फिरवत राहिली. पंचमी परवावर आली. मग एकदम सुचलं:

*सुटे उलटा गं वारा,*
*नावंत बसले बारा.*

धुरपताबाई म्हणाली, "सात व्हते की."

"गाण्यात चालतंय. आपल्याला म्हाईत हाय ना सात व्हते."

गाणं लागलं. वारा-बारा या जोडीला तर पोरी फेर सोडायलाच तयार होईनात. 'आ' तोंडभर उघडून लांबवता येतो, त्यावर वाकून टाळी मारता येते. पंचमीला माहेरी आलेल्या लेकी ते गाणं घेऊन सासरी गेल्या. पुढच्या पंचमीला ते पार सेलूपर्यंत पोचल्याचं कळलं, आणि बायनाबाईला वाटलं, भाऊ माझा गावोगाव झाला.

दुसऱ्या पंचमीनंतर सटवाजीच्या लेकीची, दैवशालाची, सोयरीक मोडली. स्थळ देवगाव फाट्याच्या अलीकडचं, सुपारी फुटलेली. निरोप एवढाच आला, की आमची मर्जी नाही. बायनाबाई बैलगाडी जोडून स्वतः गेली.

मुलाच्या आईनं, वच्छलाबाईनं, पाणी दिलं, बसायला घोंगडी टाकली. मग म्हणाली, "मावशी, पोरगी लाखाची हाय. पण बापाचं कसं करावं? लहान नावंत बारा जण भरले. चौघं वाचले. म्हंजी आठ जीव घेतले की त्यानं. आमच्या भावकीत बोलायलेत लोकं, हावरं बीज हाय म्हनून."

बायनाबाईनं तांब्या खाली ठेवला. 'बाकी' हा शब्द तिनं सात मनात धरून बांधला होता. बारा नंतर आले, आणि मागचा शब्द तिनं पुन्हा तपासलाच नाही.

"आठ न्हाई गं माय, तीन गेले. सातच बसले व्हते. तुमी निमगावात कुनालाबी इचारा."

"कुनाला कशाला इचारू? आमच्या पोरी गानं म्हनतेत की."

"ते गानं मीच केलंय! बारा म्या घातले. वाऱ्याला जुळावं म्हनून."

वच्छलाबाईनं तिच्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, कीव होती. "मावशी, बहीन भावाबद्दल इतकं वंगाळ खोटं कशी सांगंल? खरं व्हतं म्हनून त तोंडातून गेलं. आता लेकीसाठी फिरवायलात, ते बी मला कळतंय. मी बी आईच हाय."

बायनाबाईनं तिथंच, घोंगडीवर बसून, कधीतरी टाकून दिलेली जोडी जुळवून म्हटली.

*वल्हं घेतलं हातात,*
*नावंत बसले सात.*

"बरं हाय," वच्छलाबाई म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवायला उठली.

पुढच्या पंचमीपासून बायनाबाई फेरात शिरून नवी जोडी शिकवू लागली. पोरी ऐकायच्या, मान डोलवायच्या, दोन आवर्तनं म्हणायच्याही. पण 'सात'वर तोंड मिटतं. टाळी पडते तिथं आवाज तुटतो, पाऊल अडखळतं. तिसऱ्या फेऱ्याला कुणीतरी सवयीनं 'वारा' उचलायची आणि सगळा फेर तिच्यामागं धावायचा. तिनं 'सातजनं' करून पाहिलं, 'साती गं' करून पाहिलं. आपणच बसवलेली ओळ इतकी घट्ट बसली होती, की ती हलवायला बायनाबाईकडं तेवढी चांगली दुसरी नव्हती. बरं, निमगाव एकवेळ बदललं असतं. पण गंगेच्या दोन्ही अंगांच्या गावांत ती कुठं कुठं पुरी पडणार? धुरपताबाई तिला एका शब्दानं बोलली नाही. पंचमीला घरात बसायला मात्र लागली.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्या साली दैवशालाचं लग्न एकदाचं जमलं. झरीचा बिजवर, पहिलीची दोन लेकरं. तिच्या बापाचं नाव त्यानं विचारलं नाही, यांनीही फार सांगितलं नाही.

पहिल्या पंचमीला सासरच्यांनी धाडलं नाही. ती दिवाळीला आली. बायनाबाई तिचे केस विंचरत बसली.

"पंचमी कशी झाली गं तिकडं?"

"झाली. फेर मोठा असतो झरीला."

"कंची गानी म्हनतेत?"

फणी तेलानं निसटत होती.

"आमच्या आबाचं बी म्हनतेत," दैवशाला म्हणाली. "मी कोन हाय हे तिथं कुनाला म्हाईत न्हाई, आत्या. दोन्हीकडून जावांनी हात धरलेले."

"मग?"

"मग काय? म्हनलं."

"सात म्हनलीस?"

"सगळ्याजनी म्हनत व्हत्या तेच म्हनलं," दैवशाला म्हणाली, आणि गुंता ओढला गेला तशी तिनं डोकं जरा पुढं घेतलं.