फिरोजीची हळद

आमच्या लश्कर भागात खासगी बाजार नावाची गल्ली आहे, तिथे महिपतरावांचा छापखाना आहे, आणि त्या छापखान्यात एक लोखंडी कपाट आहे. त्या कपाटात काय आहे हे विचारू नका. मी तिथे रोज चहा प्यायला बसतो, एकदा विचारलं होतं, तर महिपतरावांनी आधी माझ्या खिशाकडे पाहिलं. एकदा म्हणे एक उंदीर त्या कपाटात शिरला. बाहेर आल्यावर महिपतरावांनी त्याची झडती घेतली आणि शेपटी लांब का म्हणून चौकशी केली. उंदराने मग गल्लीच सोडली. खोटं वाटत असेल तर गल्लीत एक तरी उंदीर दाखवा.

कपाटात होतं शेडबुक. म्हणजे रंगांच्या पट्ट्यांचं पुस्तक, जपानी पंख्यासारखं उघडणारं. एकेका पट्टीवर सात-सात रंग आणि प्रत्येकाखाली नंबर. गिऱ्हाइकाने नंबर सांगायचा, तशी तयार शाई डब्यात मिळते. तिला इथे सगळे स्पेशल कलर म्हणतात. ते पुस्तक महिपतराव लाल फडक्यात गुंडाळून ठेवत आणि दुसऱ्याच्या हातात देत नसत. आपले रंग बघून कोणी नंबर पळवेल, ही भीती. नंबर तर कोणत्याही दुकानात विकत मिळणाऱ्या पुस्तकात असतात, असं मी म्हणालो. त्यावर ते म्हणाले, "म्हणूनच जपावं लागतं."

आता बाडा चौकातल्या विश्वासरावांच्या साडीच्या दुकानाचा डबा तुम्ही पाहिलाच असेल. फिरोजी, म्हणजे हिरवट झाकेचा निळा. चंदेरी साडी त्या डब्यातून निघाली की तिची किंमत आपोआप वाढते. झाशीच्या एका लग्नात म्हणे आहेर म्हणून नुसता रिकामा डबाच दिला आणि वरमाय खूश झाली. किल्ल्यावरचा एक मोर त्या डब्यावर चोच मारून बसला होता, दुसरा मोर समजून. वर्षानुवर्षं तो डबा महिपतरावांकडेच छापला जात होता: एक स्पेशल फिरोजी आणि एक काळा. बस.

यंदा विश्वासरावांना झाकणावर साडीचा फोटो हवा होता. फोटो म्हणजे चार रंग आले: सायन म्हणजे निळा, मजेंटा म्हणजे गुलाबी, येलो आणि काळा. महिपतरावांचं मशीन चारच रंगांचं. पाचवी फिरोजी शाई लावायची तर कागद पुन्हा मशीनवर चढवायला हवा. विश्वासराव म्हणाले, "त्यापेक्षा चारात जमवा. पण डबा माझाच दिसला पाहिजे. नाही तर मी काम आग्र्याला नेतो."

चारात जमवायचं काम गरिमाकडे आलं. पोरगी हुशार, इथे लश्कर भागातच वाढलेली, मराठीत बोलायला लागली की मध्येच हिंदीत उतरते आणि तिथून परत यायला विसरते. तिने कॉम्प्युटरवर फिरोजीचा नंबर घातला. उत्तर आलं: सायन साठ टक्के, येलो बावीस, मजेंटा शून्य, काळा शून्य. त्या आकड्यांचं प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, तिने गुळगुळीत जाड आर्ट कार्डवर काढलं, कारण डबाही आर्ट कार्डचाच, आणि महिपतरावांपुढे ठेवलं.

महिपतरावांनी कपाट उघडलं, फडकं सोडलं. मग एक काळं कार्ड काढलं. त्या कार्डाला मधोमध दोन चौकोनी भोकं. ते रंगांवर ठेवलं की आजूबाजूचं काही दिसत नाही, एका भोकातून पुस्तकाचा रंग आणि दुसऱ्यातून प्रूफाचा. शेजारचा रंग डोळ्याला फसवतो, म्हणून ही जुनी आणि चांगली रीत. महिपतरावांनी डोळा लावला आणि त्यांच्या मिशा हळूच वर गेल्या. संशय आला की त्यांच्या मिशा वर जातात, आणि त्या खाली आलेल्या मी फारशा पाहिलेल्या नाहीत.

"येलो कुठे गेला?" ते म्हणाले.

"बावीस आहे ना, काका."

"पुस्तकात हिरवट आहे. तुझा निळा. येलो चोरलास."

"येलो चोरून मी क्या करूं, काका, घरी लाडू बांधू? आणि मी आधीच सांगितलं, चार रंगांत ते सेम टू सेम येत नाही. जवळचं येतं."

"जवळचं!" महिपतराव माझ्याकडे वळले. "ऐकलंत? जवळचं म्हणजे किती जवळचं? माधवगंजापर्यंत?"

माधवगंज शब्द आला आणि माझ्या कानात वारा शिरला. गरिमाचा दीर सौरव माधवगंजातल्या एका साडीच्या दुकानात गल्ल्यावर बसतो, आणि त्या दुकानाने नुकताच निळसर डबा काढला होता. मी नुसतं म्हटलं, "निळसर आहे खरा तो डबा." एवढंच म्हटलं. आता चहात कोणी साखर टाकली तर चहा गोड होतो, यात साखरेचा काय दोष?

"पुस्तक मला बघू द्या ना," गरिमा म्हणाली. "मी कॉम्प्युटरशी मिलान करते."

महिपतरावांनी पुस्तक छातीशी धरलं. "तुझ्या कॉम्प्युटरमध्ये बघ. येलो वाढव."

तिने तीस केलं. भोकातून बघणं झालं. "अजून." छत्तीस. "अजून." चाळीसवर महिपतरावांचा डोळा चमकला. पुस्तकाचा रंग आणि प्रूफाचा रंग असे मिळाले की कुठे एक संपतो आणि दुसरा सुरू होतो तेच कळेना.

"बघ!" ते म्हणाले. "अठरा टक्के दाबून ठेवले होतेस. आमचा डबा मेलेला निघाला असता आणि सौरवचा झळकला असता. संध्याकाळी विश्वासराव येतील, त्यांच्यासमोर हे सांगतो. ते हो म्हणाले की तू उद्यापासून येऊ नकोस."

गरिमाने बावीसचं पहिलं प्रूफ फेकायच्या ढिगातून उचललं आणि आपल्या टेबलाच्या खणात ठेवलं. महिपतरावांनी ते पाहिलं. माझ्या कानात म्हणाले, "पुरावा नेतेय."

दिवस मावळायच्या आत विश्वासराव आले. जाडजूड गृहस्थ, बोटात तीन अंगठ्या, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला गेल्या साली छापलेला कोरा डबा. गोदामाच्या तळातून काढून आणला होता, ऊन न लागलेला. तेही काही कमी संशयी नव्हते.

महिपतरावांनी चाळीसचं प्रूफ आणि पुस्तक भोकांच्या कार्डाखाली ठेवलं. विश्वासरावांनी डोळा लावला.

"एकदम बरोबर," ते म्हणाले.

"बरोबर असणारच. आता एका माणसाबद्दल मला बोलायचं आहे..."

"थांबा." विश्वासरावांनी डबा बाहेर काढला आणि प्रूफावर ठेवला. "अहो, हा पोपट झाला की!"

खरंच. डब्याशेजारी ते प्रूफ कच्च्या कैरीसारखं दिसत होतं.

महिपतराव हळूच म्हणाले, "विश्वासराव, हा डबा तुमचाच ना?"

"म्हणजे?"

"माधवगंजातला तर नाही?"

"महिपतराव! माझ्या दुकानाचं नाव छापलंय त्याच्यावर! तुम्हीच छापलंय! तुमचं पुस्तकच कशावरून खरं?"

"पुस्तक खोटं बोलत नाही!"

"मग बाहेर उजेडात आणा ते. आत्ता."

महिपतरावांना दुसरा मार्ग नव्हता. ते पुस्तक घेऊन दारात आले आणि पट्टी दोन बोटांत धरून उभे राहिले, पण विश्वासरावांनी ती काढून घेतली. विश्वासराव गिऱ्हाईक, त्यांच्या हातून परत कशी ओढणार? विश्वासरावांनी ती गरिमाकडे दिली, "तू बघ गं." त्या पुस्तकाला महिपतरावांशिवाय कोणाचा हात लागल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

गरिमाने ती उन्हात नाही, दाराच्या सावलीत धरली. काळं कार्ड बाजूला ठेवलं. नुसती पट्टी.

"काका," ती म्हणाली, "बाकी सगळ्या पट्ट्यांचा कागद पांढरा आहे. या एकाच रंगाच्या आजूबाजूचा पिवळा का?"

आम्ही सगळे वाकलो. रंगांच्या चौकोनांमध्ये कागदाची कोरी कड असते. सगळीकडे ती दुधासारखी पांढरी होती, फक्त फिरोजीच्या भोवती श्रीखंडासारखी पिवळी. भोकांच्या कार्डाने नेमकी तीच कड झाकलेली होती.

विश्वासराव पट्टीला नाक लावून म्हणाले, "हळद?"

आता महिपतरावांच्या मिशा खाली आल्या.

खंडेनवमीला त्यांच्या घराण्यात हत्यारं पुजतात. पूर्वजांच्या तलवारी कुठल्या तरी काकाने विकून खाल्ल्या, म्हणून महिपतराव मशीन पुजतात, कटिंगचं पातं पुजतात आणि शेडबुक पुजतात. पुस्तक कुठे उघडायचं? ज्याने घर चालवलं त्या रंगावर. दरवर्षी फिरोजीला हळदीचं बोट, मग फडक्याने हळूच पुसून पुन्हा कपाटात बंद. पुसल्यावर भुकटी जाते, रंग बसतो. पुस्तक उन्हात पडलं असतं तर हळद उडालीही असती, पण त्याला ऊन बघायची परवानगीच नव्हती. अन्नदात्याचा मान ठेवता ठेवता अन्नदात्याचा रंग पोपटी झाला होता. खाली सायन तेवढंच, वरून हळद. म्हणून सगळी तफावत एका येलोतच निघाली.

"बोट कोणाचं होतं?" विश्वासरावांनी विचारलं.

महिपतरावांनी आपल्या अनामिकेकडे असं पाहिलं, जणू तीही माधवगंजाला मिळालेली आहे.

गरिमाने खणातून बावीसचं प्रूफ आणलं आणि डब्याशेजारी धरलं. विश्वासरावांनी बराच वेळ पाहिलं. सगळ्यांत जास्त वेळ महिपतरावांनीच पाहिलं.

"आहे," विश्वासराव म्हणाले. "पण थोडा मलूल आहे. झोप न झाल्यासारखा."

"हो," गरिमा म्हणाली, आणि तिने भिंग दिलं. "डब्यावर बघा, सपाट शाई आहे. एकच, तीच फिरोजी. आणि प्रूफावर बघा, निळे-पिवळे बारीक ठिपके, मध्ये कागद. दुरून मिळून फिरोजी दिसतं, पण ती चमक चार शायांत नाहीच आहे. मजेंटा आधीच शून्य आहे, सायन वाढवला तर गडद होतं, येलो वाढवला तर... वो तो आपने देख ही लिया. याहून जवळ जाता येत नाही. खोटं सांगून डबा छापला असता, तर तुम्ही दुकानात धरलं असतंत मला."

विश्वासराव भिंगातून बघत राहिले. मग हसले. "पोरी, माझी बायको म्हणते, दुकानात बसून बसून मीही मलूल झालोय. फोटो बरोबर असेल तर बघणारा साडी बघेल. छाप हाच. आणि आग्र्याला मी काही जात नाही."

महिपतराव घसा खाकरून म्हणाले, "उद्या... नऊ वाजता येशील ना?"

"दहाला," गरिमा म्हणाली. "आणि नवं पुस्तक पाहिजे. ते माझ्या टेबलावर राहील. कुलुपाविना."

महिपतराव कपाटाकडे बघू लागले. कुलुपाविना हा शब्द त्यांनी कसाबसा गिळला. जुनं पुस्तक आता देवघरात गेलंय. त्याला हवी तितकी हळद लावा म्हणावं.

त्या संध्याकाळी जाताना विश्वासरावांनी तीस, छत्तीस आणि चाळीसची पोपटी प्रूफं गोळा केली आणि घडी करून कोटाच्या आतल्या खिशात घातली.

"ही कशाला नेताय?" मी विचारलं. "रद्दीच आहे."

त्यांनी आधी गल्लीत इकडे-तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"उद्या हा रंग माधवगंजात दिसला, तर मला कळायला नको का, इथे चहा प्यायला कोण कोण बसतं ते?"

महिपतरावांनीही माझ्याकडे पाहिलं. मिशा वर जाऊ लागल्या होत्या.