वहिनीने स्वतःला लपवलं

उस्ताद नव्या प्रेस मशीनच्या सुरक्षा-परीक्षेत पास झाला. हे वाक्य मी लिहिलेलं नाही आणि तुम्ही वाचलेलं नाही. आपण परीक्षेच्या आदल्या दुपारी आहोत आणि उस्ताद नापास होणार हे आमच्या कारखान्यातल्या पंख्यांनासुद्धा कळून चुकलंय.

उस्ताद म्हणजे प्रेस शॉपचा, पत्रा दाबून घडवणाऱ्या विभागाचा, ऑपरेटर. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. त्याची जुनी मशीन भंगारात निघाली होती. नवीवर बसायचं तर परीक्षा द्यायची, नाहीतर पॅकिंगला जाऊन खोक्यांना चिकटपट्टी लावायची. उस्तादचं चिकटपट्टीशी काही वैर नाही. पण लोखंडाला आकार देणाऱ्या माणसाला पुठ्ठा दुमडायला बसवणं म्हणजे पैलवानाला उशीचे अभ्रे बदलायला लावणं.

परीक्षेआधीचं प्रशिक्षण आदल्या दिवशी सकाळी व्हिडिओ कॉलवर होतं. उस्ताद आणि त्याच्यासारखे आणखी तिघे त्या वेळी पाळीवर, म्हणून त्यांनी नंतर रेकॉर्डिंग बघायचं असं ठरलं. त्यांच्यासाठी सांकेतिक भाषेत दुभाषी म्हणून माझी वहिनी बोलावलेली होती. मी तिथल्याच कॉम्प्युटर विभागात. तिला बोलवा असं मी कुणालाही सांगितलं नव्हतं, हे इथे नोंदवून ठेवतो, कारण दादा अजून विचारतो.

वहिनी काम करताना बघावी. समोरचा बोलतोय, ही ऐकतेय, आणि त्याच क्षणी मागचं वाक्य हातातून निघतंय. भुवया प्रश्न विचारतात, खांदे ‘सावधान’ म्हणतात. घरी हीच बाई मीठ कुठे ठेवलं ते विसरते.

कॉल सुरू झाल्या झाल्या तिने आपल्या स्क्रीनवरची स्वतःची चौकट लपवली. ती नेहमीच लपवते. मला एकदा कारण सांगितलं होतं. “भाऊजी, स्वतःला त्या चौकटीत बघितलं की आरशासारखं दिसतं. मग मी माझ्याच हातांकडे बघत बसते आणि तेवढ्यात एक वाक्य निसटून जातं. समोरच्याला मी सरळच दिसते हो, गोंधळ फक्त माझा.” चौकट लपवली तरी बाकीच्यांना ती दिसत राहते. फक्त ती स्वतःला दिसत नाही. इतकी साधी गोष्ट आहे, आणि ती आमच्या साहेबांना मात्र कळायची नव्हती.

साहेब म्हणजे प्रशिक्षण विभागाचे प्रमुख. कॉलचे यजमान तेच, सगळी बटणं त्यांच्या हाती.

“साहेब, मी मला लपवतेय हं,” वहिनी म्हणाली, “पण तुम्ही मला स्पॉटलाइट करा, म्हणजे माझी चौकट सगळ्यांसमोर ठेवा. नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये मी येणार नाही.”

“आधी ठरवा ताई,” साहेब हसत म्हणाले, “लपायचंय की झळकायचंय?”

“दोन्ही.”

“बायकांचं असंच असतं,” असं म्हणून साहेबांनी मनातल्या मनात निवाडा केला. बाई लाजाळू आहे. आपण सभ्य माणूस आहोत. सभ्य माणूस लाजाळू बाईवर प्रकाशझोत टाकत नाही. त्यांनी टाकलाही नाही. वहिनीला ते कळायला मार्गच नव्हता, कारण मोठ्या चौकटीत स्लाइड होती आणि स्वतःची चौकट तिने बंद केलेली.

ती दोन तास हात चालवत राहिली. समोर ऐकू न येणारा एकही माणूस नव्हता. ती रेकॉर्डिंगशी बोलत होती, उद्याच्या प्रेक्षकांशी. सुपरवायझर लोक तिला बघून माना डोलावत होते आणि स्लाइड विसरत होते.

दुपारी मी फाइल उघडली. आमचं रेकॉर्डिंग जो आवाज करतो त्यालाच चौकट देतं. वहिनीचा माइक बंद होता. हातांना आवाज नसतो. फाइलमध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्लाइड आणि कोपऱ्यात साहेब. वहिनीच्या एका बोटाचं नखसुद्धा नाही.

“आता यात त्यांना घालून टाका ना,” साहेब म्हणाले.

“साहेब, फाइलमध्ये जे आलंच नाही ते आत कसं घालणार?”

“मागे जाऊन.”

“मागे जाता येत नाही.”

“तुमचा विभाग कधी काही करतच नाही,” साहेब म्हणाले आणि पाणी प्यायले.

मी वहिनीला फोन केला. मला वाटलं ती चिडेल. ती म्हणाली, “आवाज आहे ना? मग मी पुन्हा करते. फक्त या वेळी स्पॉटलाइट तुम्ही द्या. तुम्हाला सभ्यपणाचा त्रास नाही.”

अर्ध्या तासात ती रिकाम्या मीटिंग रूममध्ये गडद कुर्ता घालून भिंतीसमोर उभी होती, हात उठून दिसावेत म्हणून. मी नवा कॉल लावला, जुनी फाइल आवाजासकट शेअर केली, तिला स्पॉटलाइट केलं. तिने स्वतःला पुन्हा लपवलं. नवा कॉल म्हटला की नव्याने लपावं लागतं. मग तिने मला थांबवलं. “आधी एक मिनिट रेकॉर्ड करा आणि फाइल उघडून दाखवा. माझ्या स्क्रीनवर काय दिसतं त्यावर माझा विश्वास नाही, आणि तुमच्या स्क्रीनवर तर अजिबात नाही.” फाइल उघडली. हात आले होते, दोन्ही, कोपरापासून. “चला,” ती म्हणाली.

मी प्ले दाबलं आणि वहिनी पुन्हा सुरू. मशीन बंद कशी करायची, पंजा कुठे ठेवायचा नाही, लाल बटण कधी दाबायचं. सकाळी केलेलं तिने परत उगाळलं नाही. सकाळी मशीनच्या संरक्षक ‘जाळी’साठी केलेली खूण तिला आवडली नव्हती, ती सुधारली. हात दुखत असणार. चेहऱ्यावर त्याचा पत्ता नाही.

मग तो भाग आला. सकाळी सुरक्षेची फिल्म लावून साहेब माइक बंद करायला विसरले होते. फिल्मच्या आवाजावर त्यांचा घरी फोन लावून बोलण्याचा आवाज चढला होता: “अगं, एकच पायमोजा सापडला. दुसरा कुठेय? नाही, मशीनमध्ये बघितला. अगं, मी एका पायाने ऑफिसला आलोय.”

वहिनीचे हात थांबले नाहीत. फिल्म एका बाजूला, साहेब दुसऱ्या बाजूला, खांदा वळवून तिने दोघांचंही सांगितलं. पायमोजा इतका नेमका ओढला की मला तो दिसला. त्याची टाच विरलेली होती.

“वहिनी, हे गाळलं असतं तरी चाललं असतं,” मी नंतर म्हणालो.

“ऐकू येणाऱ्यांना ऐकू आलं ना? मग त्यांनाही कळायला हवं. कामाचं कोणतं आणि फालतू कोणतं हे ठरवणारी मी कोण?”

उस्तादने आणि त्या तिघांनी दुसऱ्या दिवशी सकाळी रेकॉर्डिंग बघितलं. पायमोज्यापाशी चौघे इतके हसले की सुपरवायझर धावत आला. उस्तादने फिल्मचा तो भाग पुन्हा लावला. आणि पुन्हा. लाल बटणाचा नियम नेमका त्याच भागात होता. परीक्षेत पहिला प्रश्न लाल बटणाचा आला. बाकी निकालाबद्दल मी काही बोलणार नाही, सुरुवातीलाच ठरलंय. इतकंच सांगतो, उस्तादने नव्या मशीनवर हात ठेवला आणि आधी जाळी तपासली, वहिनीची सुधारलेली खूण करत.

ऐकू न येणारे लोक माणसाला खुणेचं नाव देतात. एकदा पडलं की ते बदलत नाही. आता प्रेस शॉपमध्ये साहेब शिरले की एक हात पायाकडे जातो, पायमोजा ओढतो आणि दुसऱ्या पायाकडे बघून खांदे उडवतो. परवा आमच्या विभागाकडे त्यांचा अर्ज आला, तो जसाच्या तसा देतो.

“विषय: रेकॉर्डिंगमधील मजकूर लपवणेबाबत. महोदय, सदर फाइलमधील दुभाषी ताईंचे हात पूर्णपणे दृश्य ठेवून, केवळ त्यांनी दर्शवलेला पायमोजा अदृश्य करण्यात यावा. ते तांत्रिकदृष्ट्या अशक्य असल्यास, दुसरा पायमोजा मला नंतर सापडला असल्याची खूण माझ्या नावास अधिकृतपणे जोडण्यात यावी व तसे आदेश प्रेस शॉपमधील सर्व हातांना तात्काळ निर्गमित व्हावेत, ही नम्र विनंती.”