पडद्याबाहेरचा स्पीकर

आष्टीच्या बाजाराच्या दिवशी गरोदर बायांचं शिबिर ठेवायचं ज्याच्या डोक्यातून निघालं, त्याला सातव्या महिन्याचं पोट घेऊन त्या गर्दीतून कधी चालावं लागलेलं नसणार. मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. बायांसोबत सासवा, सासवांसोबत शेजारणी, आणि एका कोपऱ्यात कानकोंडे झालेले नवरे. प्रत्येकाच्या हातात मोबाईल.

तपासणीची खाट पडद्यामागे होती. पडद्याच्या आत पुरुषांना मनाई, म्हणून आयोजकांनी एक हौस केली होती. पोटावर ठेवून बाळाचे ठोके ऐकायचं जे लहानसं यंत्र असतं, डॉपलर, त्याच्या इअरफोनच्या भोकात त्यांनी ब्लूटूथची डबी खोचली होती. ठोके त्या डबीतून थेट बाहेरच्या मोठ्या स्पीकरवर. बापालाही बाळ ऐकू यावं, अशी छान कल्पना. सकाळी रिकाम्या हॉलमध्ये करून पाहिलं तेव्हा स्पष्ट वाजलं म्हणे.

मला मात्र ती कल्पना नकोशी वाटत होती. मागच्या खेपेला, सातव्याच महिन्यात, अशाच यंत्रातून नुसती खरखर आली होती. नर्स यंत्र इकडे सरकवत होती, तिकडे सरकवत होती, आणि खरखर काही थांबत नव्हती. ठोका नव्हता. त्या आवाजाची भीती माझ्या अंगात अजून बसलेली आहे. आज सकाळपासून पोटात हालचालही मंद वाटत होती. मी हे कोणाला बोलले नव्हते. नवऱ्यालाही नाही.

"झोप ना बाई आरामात," कांता सिस्टर म्हणाली. पोटावर थंडगार जेल लावलं, यंत्र टेकवलं, आणि बाहेरच्या स्पीकरमधून आवाज आला. शिवणयंत्र भरधाव चालावं तसे ठोके. मी डोळे मिटले. बाहेर माझा नवरा धनंजय उभा होता, त्यालाही ऐकू गेलं असणार.

आणि मग ठोके तुटले.

दोन वाजले, एक गळला. परत तीन वाजले, मग काहीच नाही. मग एकदम घाईघाईने चार.

"काऊन असं होऊन राह्यलं?" मी विचारलं.

"थांब, जागा सरकली असंन." कांताने यंत्र सरकवलं. यंत्राच्या आकड्यांच्या पट्टीवर मिनिटाला एकशे सेहेचाळीस ठोके दिसत होते, ते सरकवल्याबरोबर पुसले आणि तिथे नुसत्या रेघा आल्या. बाहेरही शांत. मी आकडा बघायला मान उचलली होती, ती तशीच खाली टाकली.

भीतीने माणूस बावळट होतो. मी गावात कॉम्प्युटरचा क्लास चालवते. वर्ग भरला की पोरांचे ब्लूटूथ हेडफोन अडखळतात, आणि ते का, हे मीच दरवेळी ऐटीत समजावते. वायफाय आणि ब्लूटूथ बहुतेक वेळा एकाच पट्ट्यातल्या लहरी वापरतात, म्हणून एकमेकांवर ओरडतात. त्यात माणसाच्या अंगात पाणी फार, मध्ये माणसं उभी राहिली की त्या लहरी अंगातच जिरतात. हे सगळं मला पाठ होतं. पण स्वतःचं बाळ पोटात आणि ठोके गळताहेत म्हटल्यावर त्यातलं अक्षर आठवेना.

कांताने पुन्हा जागा धरली. पट्टीकडे बघायची माझी परत हिंमत झाली नाही. ठोके परत सुरू झाले, परत तुटले. यावेळी मी कान देऊन ऐकलं. ठोका तुटत होता तेव्हा मागची खरखरही तुटत होती. सगळंच एकदम गप्प. मागच्या वेळी ठोका नव्हता, पण खरखर होती! यंत्र पोटावर टेकलेलं असताना खरखर कशी थांबेल?

"कांताताई, बाहेरचा स्पीकर कुठं ठेवला?"

"नोंदणीच्या टेबलावर. तिथंच लाईटचा बोर्ड आहे ना."

"अन राऊटर?"

"तोबी तिथंच. आनलाईन फारम भरून राह्यले."

म्हणजे डबी पडद्याआड, स्पीकर हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला राऊटरच्या मांडीवर, आणि मध्ये अर्धी आष्टी. कांताने पडद्यातून डोकं काढून ओरडून सांगितलं, "कैलास, तो राऊटर दूर ने! अन बायकाहो, मधून बाजूले व्हा जरासं!" नोंदणीवाल्या कैलासने राऊटर उचलून खिडकीत नेला असावा, कारण ठोके सलग वाजू लागले. मी श्वास सोडला. पण बाजूला झालेली गर्दी किती वेळ बाजूला राहणार? पुन्हा माणसं दाटली आणि पुन्हा ठोके गळायला लागले. या वेळी जास्तच.

"जाऊ दे," कांता वैतागून म्हणाली, "डबीच काढून टाकतो. डबी निघाली का यंत्राचा सोताचा स्पीकर वाजते."

मी तिचं मनगट धरलं. "नका काढू!"

तिला कळेना. मलाही ते नीट सांगता आलं नसतं. डबी खोचलेली होती तोवर दोष वायफायचा होता, गर्दीचा होता, कैलासचा होता. डबी निघाली की मध्ये कोणीच उरणार नव्हतं. मग जे ऐकू येईल ते खरं. नुसती खरखर आली तर मी कोणाला दोष देऊ? मला तुटके ठोके चालत होते. तुटके तर तुटके, पण होते तरी.

कांताने जबरदस्ती केली नाही. "तुले काढायची तं तूच काढ," ती म्हणाली, आणि यंत्र माझ्या पोटावर घट्ट धरून बसली.

डबी दोनदा चिमटीतून निसटली. मनातल्या मनात सगळ्या देवांना वेठीला धरलं आणि डबी ओढली.

ठोके! बारक्या, चिरक्या आवाजात, पण एकामागे एक, एकही न गळता. मी कांताच्या हातावर डोकं टेकून हसत होते, रडत होते, काय करत होते देव जाणे.

तेवढ्यात बाहेरून एक ओरडणं आलं. पुरुषाचं. आधी मला वाटलं, कोणाला काही लागलं. मग आवाज ओळखला, धनंजयचा. डबी काढल्याबरोबर बाहेरचा स्पीकर पूर्ण मुका झाला होता. आतले ठोके फक्त आम्हा दोघींना ऐकू येत होते. बाहेर धनंजयने ठोके तुटताना ऐकले, आणि मग ऐकलं, ते थांबले.

"अहो, आत या!" मी जिवाच्या आकांताने ओरडले. "चालू आहेत! आत या!"

तो पडदा ओढूनच आत आला. मनाई वगैरे सांगायला कांता उठली नाही, उलट त्याच्यासाठी सरकली. "इथं कान लावा भाऊ," ती म्हणाली, आणि बाहेर ओरडली, "कैलास, तो स्पीकर बंद कर! आता ज्याचं लेकरू त्यानं आत येऊनच ऐकावं!"

धनंजय खाटेशी गुडघ्यावर बसला आणि यंत्राला कान लावला. मागच्या वेळी हा माणूस टिपूसभरही रडला नव्हता. बाळाच्या मातीचं सगळं स्वतःच्या हातांनी केलं, घरी आला, आंघोळ केली आणि दुकान उघडायला गेला. तेव्हापासून मी त्याला मनातून दगड म्हणत आले होते. आता ठोके त्याच्या कानात सलग पडत होते, तरी त्याचं रडणं थांबेना. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो या बाळासाठी रडत नव्हता.