चाळीस पावलांवरचा करपट वास

ऐक नुसतं. मधी 'मंग काय झालं' करू नगंस, न्हायतर मी चुकीन. पिंपळीची झुंबर म्हाईत हाय ना तुला? महिपती गुळव्याची बायको. तिची गोष्ट हाय, पंचावन सालच्या हंगामातली.

महिपती म्हंजी सादा गुळव्या नव्हं. त्यानं 'उतरा' म्हणल्याबिगर रसाची काहील चुलवणावरनं हलायची न्हाय. बारामतीच्या बाजारात अडत्या ढेपंचा टवका काढायचा, नाकाला लावायचा आन् म्हणायचा, "महिपतीचा हाय व्हय? मंग चाखायचं कारण न्हाय." त्याचं समदं नाव त्या नाकावर. पाण्यात रसाचा थेंब टाकून त्येची गोळी वळती का बघंपतूर रस म्होरं गेल्याला आसतो गं. त्याच्या आदी नाकाला कळावं लागतं.

आन् त्या उन्हाळ्यात त्याला मुदतीचा ताप आला. एकवीस दिस. उठला, जेवायला बसला, आन् झुंबरला म्हणला, "आज लसूण संपला व्हता का?" घर लसणाच्या फोडणीनं भरल्यालं! तिला वाटलं, चेष्टा करतुया. ती हसली. मंग त्याचं त्वांड बघितलं आन् हसू तितंच ऱ्हायलं.

म्हैना गेला, दोन गेले. नाक काय आलं न्हाय. दसऱ्याला शेळगावच्या आबाजीचं बोलावणं आलं, गुऱ्हाळ लावायचं म्हणून. महिपती म्हणला, "झुंबर, तू चल. माजं नाक तू हो. पर कुणाला कळलं तर मी मेलो."

ती म्हणली, "त्यात काय? वास आला की सांगीन."

"वास? वास तर मेल्या उंदराला बी येतो आन् मोगऱ्याला बी येतो. कसला वास, त्ये सांग."

आन् मंग त्यानं तिला शिकवायला घेतलं. घरच्या चुलीपशी, पंदरा दिस. झुंबर आजवर समद्यालाच आंबट म्हणायची. चिच आंबट, ताक आंबट, राती भिजवल्यालं पीठ बी आंबट. त्यो डाफरायचा. "चिच आंबट. कैरी आंबटढाण. पर पीठ आंबट न्हाय, आंबूस. आंबट जिभंला लागतं, आंबूस नाकाला आदी कळतं, आन् कायतरी बिगडाया लागलंय म्हणून सांगतं. रस आंबूस निगाला तर मला चुन्याची निवळी जास्ती घालावी लागंल. आन् निवळी जास्ती झाली तर गूळ तुरट हुईल."

ती तव्यावर शेंगदाणं भाजायची, त्यो डोळं मिटून इचारायचा, "आता?" "कच्चट." "आता?" "खमंग." "आन् आता?" "तसाच, पर दाण्यावर डाग आल्याती." "त्याला खरपूस म्हणत्यात. वास खमंग, भाजणं खरपूस. आन् ह्याच्या म्होरं दोन परतण्या झाल्या की करपट. खमंगाला आन् करपटाला मधी फकस्त एवडीच जागा हाय." आन् त्यो चिमूट दाखवायचा.

मडक्यातलं जुनं दाणं खवट. पावसात घडी घालून ठिवल्याली वाकळ कुबट. हिरीचं उन्हाळ्यातलं पाणी खारट न्हाय, मचूळ. झुंबर मला सांगत हुती, "आगं, आदी मी एकाच कोठीत समदं कोंबलं हुतं. आता ज्येची त्येची उतरंड लागली." तिला लई आवडाया लागलं त्ये. रस्त्यानं चालताना बी म्हणायची, "आवं, हितं मातकट. हितं बाभळ फुलल्याली, ग्वाड, पर उग्र न्हाय."

गुऱ्हाळावर ती पाण्याची घागर घिऊन काहिलीपशी यायची. चूळ भरल्यावानी त्वांड फिरवायची आन् हळूच म्हणायची. रस तापला की "हिरवट." मळी वर आली की "उग्र." मळी काढली, काकवी व्हायला लागली की "गुळचट." मंग ती हलायचीच न्हाय. एकदम म्हणायची, "खमंग." महिपती वरडायचा, "उतरा!" तीन आठवडं आसं चाललं. गूळ आसा की आबाजी म्हणायचा, "महिपतराव, आजारानं नाक आणखीच तिखट झालंय तुमचं!"

आन् मंग झुंबर बाजूला बसली.

तुला ठावं हाय, त्या चार दिसांत बाईनं काहिलीपशी जायचं नसतं. तिला हिरीपशी लिंबाखाली बसवलं. चाळीस पावलं लांब. पैलं दोन दिस उसाचा चरक मोडला म्हणून गुऱ्हाळ बंद हुतं, निभावलं. तिसऱ्या दिशी काहील चढली. वारं उलटं. तिला कायबी कळंना. आबाजीची बायकू, सरुबाई, भाकर टाकाया आली.

"सरुआक्का, कसला वास येतोय वं तिकडं?"

"कसला म्हंजी? ग्वाड."

"ग्वाड, पर गुळचट का खमंग?"

"आगं, गूळ शिजतुया, ग्वाडच येणार की! का मिरच्या भाजल्यागत ईल?" सरुबाई हसत गेली.

झुंबर बसून ऱ्हायली. तितं काहिलीवर महिपती वाकला हुता. गोळी पाण्यात टाकत हुता, पुना टाकत हुता. एवड्या वर्साचा गुळव्या, आन् नव्या पोरावानी दर गोळी बोटात दाबून बघत हुता. आन् तवाच वारं फिरलं.

पैला झोत आला त्यो खमंग. तिला वाटलं, आता म्हणतील 'उतरा'. महिपती आजून गोळीच बघत हुता. दुसरा झोत आला. करपट.

ती उठली आन् वरडली, "आवं, करपट! उतरा, करपट झाला!"

काहील उतरली, पर गूळ काळा पडला हुता. आबाजी एकदा लिंबाकडं बघतुया, एकदा महिपतीकडं.

"महिपतराव, बाईला तितनं कळलं. तुमी तर काहिलीवर वाकला हुता की."

झुंबरनं बघितलं, महिपतीचं व्हट हललं. तिला वाटलं, आता सांगतील. सांगून टाकतील, आन् मोकळं हुतील.

त्यो म्हणला, "बाजूला बसल्याली बाई काहिलीवर वरडली, आबा. मंग गूळ बिगडंल न्हायतर काय हुईल?"

गूळ आदी करपला आन् मंग ती वरडली, ह्ये तितल्या समद्यांला दिसत हुतं. पर इटाळाचं नाव निगालं आन् माना हलल्या. झुंबरनं पदर दातात धरला आन् खाली बसली.

दुसऱ्या दिशी आबाजीनं तिला बारामतीच्या यष्टीत बसवून दिलं. म्हणला, "गुळव्या ऱ्हाऊ दे, बाई नगं." आन् गुळव्याचं नाक त्या यष्टीत बसून चाललं हुतं, ह्ये एकट्या महिपतीलाच ठावं!

आठ दिसांत त्यो माघारी आला. एक काहील काकवीच ऱ्हायली, दोन करपल्या. मंग कुठलंच बोलावणं आलं न्हाय. हिला घिऊन जावं म्हणलं, तर इटाळानं गूळ बिगडवणारी म्हणून हिचं नाव समद्या गुऱ्हाळावर झाल्यालं. आन् त्ये त्यानंच केल्यालं.

आता उंबऱ्यात बसून आसतो. परवा सांजच्याला झुंबर तव्यावर दाणं भाजत हुती. त्यानं पाठमोरंच इचारलं, "आगं, कसा वास येतोय?"

"चांगला."

"चांगला म्हंजी?"

"चांगला म्हंजी चांगला."

मला म्हणली, "जिभंवर हुता गं त्यो शब्द. भायेर पडंना." ती तशीच उबी ऱ्हायली. खमंग गेलं, खरपूस गेलं, दाणं करपलं. तिनं तसंच ताटलीत त्याच्या म्होरं ठिवलं. त्यानं मूठ भरून खाल्लं आन् म्हणला, "झ्याक भाजल्यात." तवा मातूर ती चुलीम्होरं बसून रडली.

तिच्या जागी तू आसतीस, तर काय सांगितलं आसतंस त्याला?