फुटक्याची मजुरी

सत्यवान सावंताच्या मांगराच्या, म्हणजे माल ठेवायच्या खोपीच्या, पडवीत वजनकाटा लागला की मजूर बायका आज किती कापले जाणार याचा अंदाज बांधू लागायच्या. काटा खोटा नव्हता. सत्यवानाबद्दल वाईट बोलणारेसुद्धा तेवढं कबूल करतील. क्रेटचं वजन वजा करून तो बरोबर आकडा सांगायचा, तोही मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असा. पुढे जे व्हायचं ते काट्यावर व्हायचंच नाही. वजन झालं की क्रेट ताडपत्रीवर उपडे व्हायचे, सत्यवान उकिडवा बसून कोकमाचे रतांबे निवडायचा. लालबुंद, घट्ट, अख्खे रतांबे एकीकडे. हिरवे आणि फुटके दुसरीकडे. दुसरीकडचा ढीग पुन्हा काट्यावर चढायचा आणि तेवढी मजुरी कापली जायची.

त्या दिवशी सुगंधाचे शेहेचाळीस किलो भरले आणि त्यातले आठ कापले. किलोला आठ रुपये दर. चौसष्ट रुपये गेले. कापलेल्या ढिगात हिरवे म्हणाल तर पसाभर, बाकी सगळे फुटके.

सुगंधाने ढिगाकडे बघितलं आणि तिचं डोकं फिरलं. चौसष्ट रुपये म्हणजे तिच्या लेखी एका दिवसाचे चौसष्ट नव्हते. तिचा नवरा शंकर ट्रॉलरवर जायचा. जूनपासून मासेमारी बंद झाली की तो दोन महिने घरी जाळी शिवत बसणार, आणि जाळी शिवून चूल पेटत नाही. पावसाळ्याची अगोट, म्हणजे तांदूळ, मीठ, मिरची, सुकी मासळी, सगळं भरायचं ते या रतांब्यांच्या मजुरीवर. दरवर्षी तीच भरायची. यंदा रोज असेच कापले गेले, तर श्रावणाच्या आधीच डबे खडखडणार होते.

बरं, रतांबे फुटत होते ते काही तिच्या हाताने नव्हे. सत्यवानाचा रोजावरचा गडी बाबली झाडावर चढून फांद्या गदागदा हलवायचा. खाली सगळा कातळ. मागच्या वर्षापर्यंत झाडाखाली जाळं पसरलेलं असायचं. यंदा ते फाटलं आणि नवं आणायला सत्यवानाचा हात खिशात जाईना. पिकलेला रतांबा वीस हातांवरून दगडावर पडला तर फुटेल नाही तर काय हसेल? आणि वर सत्यवानाचा हुकूम असा, की झाडाखाली एक रतांबा दिसता कामा नये, जमीन साफ करून उचला.

कारखान्याला फुटका रतांबा चालत नाही, हे खरं. सोल, म्हणजे आमसूल, सुकवायला अख्खं फळ लागतं. पण फुटके टाकून देतो कोण? मांगराच्या मागे निळी पिंपं उभी होती. सत्यवानाची बायको शर्मिला त्या फुटक्यांत मीठ घालून आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, काढायची, आणि तारकर्लीच्या लॉजवाल्यांना दोनशे रुपये बाटलीने घालायची. आगळ झकास व्हायचं, त्याबद्दल वाद नाही. मजुरी कापलेल्या रतांब्यांचं जरा जास्तच झकास होत असावं.

हे सगळ्या बायकांना ठाऊक होतं. ठाऊक असून बोलत कोणी नव्हतं. झाड त्याचं, फळ त्याचं, आपण काय बोलणार, असं मथुराकाकी म्हणायची. ती त्यांच्यातली सगळ्यात जुनी मजूर. सुगंधाही इतके दिवस गप्प होती. त्या दिवशी मात्र तिने विचारलंच, की फुटके तुम्ही ठेवून घेता, मग उचलल्याची मजुरी का नाही?

सत्यवान चिडला नाही. त्याला वाटलं, एकदाच नीट समजावून टाकावं म्हणजे रोजची कटकट नको. तो म्हणाला, "ह्यां बघ गो सुगंधा. फुटको रतांबो माझ्या लेखी काढलेलोच नाय. तो झाडाखालीच पडलेलो आसा, असां समज. मगे मजुरी कसली?"

बोलून तो हिशेबाला लागला. शब्द तोंडातून गेला की धनुष्यातून बाण गेला, हे त्याच्या गावीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत पोचल्यावर सुगंधाने बायकांना एवढंच सांगितलं, की आज फुटका रतांबा उचलायचा नाही. मालकाच्या लेखी तो झाडाखालीच आहे, तर तो झाडाखालीच राहू दे. मथुराकाकीने कपाळाला हात लावला. पाण्यात राहून माशाशी वैर करू नकोस म्हणाली, पुढच्या वर्षी बोलावणार नाही तो आपल्याला. सुगंधा म्हणाली, "जो काढलेलोच नाय, तो मी डोक्यार घेवन घाटी कित्याक चढू?"

काकी थोडा वेळ पुटपुटली, मग खाली वाकली आणि अख्खे तेवढे वेचू लागली.

संध्याकाळी क्रेट उपडे झाले तेव्हा सत्यवानाला फुटका एकही सापडेना. हिरवे चार-दोन. वजन साहजिकच कमी भरलं, पण कापायला काही उरलं नाही. हातात पडले ते कालच्याइतकेच, आणि बायकांच्या डोक्यावरचं ओझं मात्र हलकं. सत्यवान खूश झाला. बघा, सांगितल्यावर कसं काम सुधारतं, असं म्हणून त्याने सगळ्यांना पन्हं दिलं. बायकांनी माना खाली घालून पन्हं प्यायलं. हसू आवरताना त्यांच्या नाकी नऊ आले.

तिसऱ्या दिवशी शर्मिलाने विचारलं, पिंपात घालायला रतांबे कुठे आहेत? लॉजवाल्याचा फोन येऊन गेलाय. सत्यवान बागेत उतरला. झाडाखाली लाल चिखल झाला होता, त्यावर मुंग्या आणि माश्या. दोन दिवसांचं आगळ कातळाने पिऊन टाकलं होतं.

तो ओरडला, आणि त्याचं ओरडणं खाडीपलीकडे ऐकू गेलं असेल. माझ्या मालाचं नुकसान केलंत, उद्यापासून कोणी येऊ नका, मी दुसरी माणसं आणतो. बायका गार पडल्या. मथुराकाकीने सुगंधाकडे असं बघितलं की तिला जमिनीत जावंसं वाटलं. सुगंधालाही भीती वाटली, नाही असं नाही. हंगाम गेला तर अगोट गेली, आणि तिच्या नादाने या सगळ्याजणींचीही. पण तिने टोपली खाली ठेवली, पदर खोचला आणि शांतपणे सांगितलं, की माल आम्ही नासवलेला नाही, तुमच्या शब्दाप्रमाणे तो जिथे होता तिथेच ठेवला.

दिवेलागणीला सत्यवान तिच्या अंगणात हजर. दुसरी माणसं आणतो म्हणणं सोपं होतं. या दिवसांत ज्याचे त्याचे काजू, ज्याचे त्याचे आंबे. रिकामं माणूस आणणार कुठून? आणि रतांबा काही मालकाच्या रागासाठी झाडावर थांबत नाही. त्याने शंकराशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या, चहा घेतला, आणि उठता उठता सुगंधाला म्हणाला, तुझे फुटके मी यापुढे कापणार नाही. तुझे एकटीचे. बाकीच्यांना सांगत बसू नकोस, आणि उद्या सगळ्यांना घेऊन ये.

आवळा देऊन कोहळा काढायची त्याची ही जुनी सवय. शंकराचे डोळे लकाकले. त्याला वाटलं झालं काम. सुगंधालाही एक क्षण तांदळाची गोण डोळ्यांपुढे दिसली. मग मथुराकाकी दिसली. आज आपलं वजन पुरं धरलं आणि शेजारी काकीचं कापलं, तर काट्यासमोर उभं राहायचं कुठल्या तोंडाने?

"भाऊ," ती म्हणाली, "सगळ्यांचे कापूचे नाय. नायतर कोणी येवचां नाय. मी पण नाय."

सत्यवान चहाचा पेला ठेवून गेला. त्या रात्री शंकराने तांदळाचा रिकामा डबा तिच्यापुढे आणून ठेवला.

सकाळी बायका बागेच्या बेड्याशी, म्हणजे फाटकाशी, येऊन बसल्या. आत कोणी गेली नाही. मथुराकाकी सगळ्यात आधी आली होती, हे विशेष. ऊन चढलं. कारखान्याचा टेम्पो दुपारी यायचा होता. बाबली झाडाखाली विडी ओढत होता. तो फांद्या हलवणार कोणासाठी? सत्यवान दोनदा बेड्यापर्यंत आला आणि परत गेला. तिसऱ्यांदा शर्मिला आली. ती सरळ बाई होती, आणि आगळाचा हिशेब तिला नवऱ्यापेक्षा चांगला कळत होता.

तिने नवऱ्याला सगळ्यांदेखत हाक मारून बोलावलं आणि म्हणाली, "फुटक्याची मजुरी दिया. माका पिंपात रतांबे होये, तुमची ऐट नको."

सत्यवानाचा चेहरा उतरला, पण त्याने दिली. तोंडाने दिली, सगळ्यांच्या कानांवर पडेल अशी: अख्खा आणि फुटका एकाच दराने, आज आणि पुढे. पूर्वीचं काही मागायचं नाही. बायकांनी मान्य केलं. दुपारी बाबली मालवणहून नवं जाळं घेऊन आला. फुटक्याचे पैसे मोजायची वेळ आली तेव्हा जाळं लगेच परवडलं.

संध्याकाळी पुन्हा काटा लागला. सुगंधाचे क्रेट उपडे झाले. घाईत वेचल्यामुळे तिच्या ढिगात आज हिरवे बरेच निघाले, दोन किलो सहज असतील. सत्यवानाने ते हाताने मागे लोटले. भांडण मिटल्याची ऐट त्याला आता दाखवायची होती. तो म्हणाला, जाऊ दे, हिरव्यांचेही धरतो आज.

"नको," सुगंधा म्हणाली. "हिरवे कापा. फुटके तुमी पाडलात, हिरवे मी उचललंय. ती चूक माझी."

त्याने हिरवे काट्यावर ठेवले, आकडा मोठ्याने सांगितला आणि सोळा रुपये कापले.

वाटेने मथुराकाकी तिला बोलत राहिली. देत होता तर घ्यायचे होते, म्हणाली, सोळा रुपयांत मीठ आलं असतं पावसाळ्याचं.

"काकी, आज त्येनी सोडलेले सोळा उद्यां उपकार म्हणान बोलान दाखयल्यान असते. माका त्येचो उपकार नको," सुगंधा म्हणाली. "माका दर होयो."